महिन्याला सहा वड्या: साखळी दुकानात साबण ठेवल्याचा हिशेब

वस्तू छोटी आहे. हाताने केलेल्या साबणाची वडी, कागदी डबीत बंद. तीन प्रकार: लव्हेंडर, संत्रं आणि बिनवासाचा. करणारी माझी वहिनी. मी छोट्या उत्पादकांचे हिशेब बघतो, त्यामुळे बारा दुकानांच्या एका साखळीने "माल ठेवून बघू" म्हटल्यावर कागद माझ्याकडे आले. पहिल्या बैठकीपासून दुसऱ्या कराराच्या मोजणीपर्यंत काय झालं ते इथे मांडतो. साखळीचं नाव देत नाही.

आकड्यांसाठी एक सोय करतो. ग्राहक एका वडीला जे पैसे देतो ते १०० भाग धरू, कर बाजूला ठेवून. पुढचे सगळे पैसे याच मापात. वहिनीला एक वडी डबीसकट ३८ भागांना पडते. तेल, डबी, मजुरी, सगळं धरून.

बैठकीत खरेदी बघणाऱ्या साहेबांनी साबण हातात घेण्याआधीच विचारलं, "हा ठेवायचा तर काढू कोणता?" वहिनी गडबडली नाही, कारण आदल्या आठवड्यात ती त्यांच्याच एका दुकानात जाऊन साबणाचं शेल्फ बघून आली होती. फळीची लांबी ठरलेली असते. कोणत्या वस्तूच्या किती डब्या कुठे उभ्या राहतील याचा नकाशा, म्हणजे प्लॅनोग्राम, वर्षातून एकदा-दोनदाच बदलतो. त्यात नवं काही घालायचं म्हणजे जुनं काही काढायचं. तिने सांगितलं, "खालून दुसऱ्या फळीवर एका साबणाच्या चार रांगा आहेत, आणि पुढच्या डब्यांवरसुद्धा धूळ आहे." साहेब हसले आणि त्यांनी वही उघडली. चर्चा खरी तिथून सुरू झाली.

मग आकडे निघाले. वहिनीचा साबण आधीपासून दोन सुट्या दुकानांत होता आणि तिथे दर आठवड्याला सरासरी ११ वड्या जात. साहेबांनी तो आकडा लिहून घेतला आणि शेजारी ६ लिहिला. कारण विचारल्यावर म्हणाले, "तिथे तुमचा साबण गल्ल्याशेजारी आहे आणि दुकानदार स्वतः सांगून विकतो. आमच्याकडे तीस साबणांत तो गप्प उभा राहणार." त्यांचं बरोबर होतं. साखळीत माल 'एका दुकानात, एका आठवड्यात किती' या मापानेच मोजला जातो, आणि गल्ल्यावरची विक्री शेल्फवर तशीच मिळत नाही. आठवड्याला सहा म्हणजे महिन्याला २६. हा आकडा लक्षात ठेवा.

भावाच्या बोलण्यात पहिला घोळ झाला. वहिनीला वडीमागे ७५ हवे होते. साहेब म्हणाले, आमचा मार्जिन २८ टक्के. तिने मनात ७५ वर २८ टक्के चढवले, ९६ आले, १०० च्या आत बसतंय म्हणून मान डोलावली. पण दुकानाचा मार्जिन विक्री किमतीवर मोजतात. १०० तून २८ गेले की उरले ७२. तिच्या कल्पनेतल्या ७५ पेक्षा वडीमागे तीन भाग कमी, आणि हे तिला घरी आल्यावर कळलं. तोंडी बैठकीत टक्का ऐकला की "म्हणजे माझ्या हातात वडीमागे किती?" हा प्रश्न तिथल्या तिथे विचारून उत्तर लिहून घ्यावं. या वेळी फरक लहान होता. तोच उलट समज ४० टक्क्यांवर झाला तर धंदा बसतो.

साखळीने दोन पर्याय दिले. पहिला थेट खरेदीचा: मार्जिन ३५ टक्के, शिवाय प्रत्येक दुकानामागे ४० वड्यांच्या किमतीएवढी एकदाच भरायची लिस्टिंग फी. दुसरा कन्साइनमेंटचा: माल वहिनीचाच राहणार, जेवढा विकला जाईल तेवढ्याचे पैसे, मार्जिन २८ टक्के, लिस्टिंग फी नाही, उरलेला माल तिने स्वखर्चाने परत न्यायचा. आणि शेल्फचं भाडं म्हणून प्रत्येक दुकानामागे महिन्याला सहा वड्यांची किंमत कापली जाणार.

थेट खरेदी ऐकायला बरी वाटते. माल गेला, बिल झालं, विषय संपला. पण मसुद्याच्या चौथ्या पानावर एक ओळ होती: न खपलेला माल साखळी परत करू शकेल आणि त्याची रक्कम डेबिट नोटने पुढच्या बिलातून वळती करेल. म्हणजे खरेदी नावाची, जोखीम पुरवठादाराचीच, आणि वर प्रवेशाचे पैसे. हे कन्साइनमेंटच झालं, फक्त महागडं. अशी ओळ असलेला कागद मी तरी थेट खरेदी म्हणून मोजत नाही. आम्ही तो बाजूला ठेवला.

आता दुसरा पर्याय. वहिनीचं म्हणणं, "सहाच वड्या तर मागतायत भाऊजी, नमुने म्हणून वाटतो त्याहून कमी." मी तिला वडीमागचा हिशेब करून दाखवला. ७२ मिळतात, ३८ खर्च, हातात ३४. दर महिन्याला प्रत्येक दुकानातून दोन ठरलेले खर्च: भाडं ६०० आणि माल पोचवायचे साधारण ३००. मिळून ९००. ९०० भागिले ३४ म्हणजे साडेसव्वीस. महिन्याला २७ वड्या खपल्या तर कुठे ती शून्यावर येते, आणि साहेबांचा स्वतःचा अंदाज २६ चा. माल ठेवायच्या आधीच सौदा तोट्यात होता, आणि मार्जिन २८ टक्केच असल्याने तो सौदा उदार दिसत होता.

ठरावीक रकमेचं भाडं नेहमी असंच चकवतं. महिन्याला ३० वड्या विकल्या तर ६०० चं भाडं वडीमागे २० पडतं, म्हणजे दुकानाचा खरा हिस्सा ४८ टक्के झाला. ६० विकल्या तर तेच भाडं वडीमागे १०. माल जितका कमी खपतो तितकं भाडं जड होत जातं, आणि नवीन माल सुरुवातीला कमीच खपतो. म्हणून रक्कम ऐकल्यावर ती मोठी की छोटी असं न बघता एवढंच काढायचं: एवढं भाडं भरून शून्यावर यायला महिन्याला किती नग लागतील, आणि तेवढे खपतील असं खुद्द दुकानाला तरी वाटतंय का.

दुकानाची बाजूही आहे. फळीवरची जागा अडते, संगणकात वस्तू चढवावी लागते, खपली नाही तर काढायची मेहनत वाया जाते. तो धोका कुणीतरी वाटून घ्यावा ही मागणी अवाजवी नाही. ब्रिटनमध्ये मोठ्या साखळ्यांना २०१० पासून किराणा पुरवठ्याची एक संहिता लागू आहे. तिच्यात नुसता माल ठेवण्याच्या अटीपोटी पुरवठादाराकडून पैसे मागायला मनाई आहे. सूट मिळते ती जाहिरात-सवलतीच्या योजनेला, किंवा नव्या मालाला, आणि नव्या मालाच्या बाबतीत रक्कम दुकानाने पत्करलेल्या धोक्याच्या वाजवी अंदाजाएवढीच हवी. सगळीकडे असा नियम नाही. पण 'धोक्याएवढंच घ्या' हे बोलणं टेबलावर चालतं.

आम्ही तेच बोललो. ठरावीक भाडं काढा, त्याऐवजी पहिले तीन महिने मार्जिन वाढवा. आम्ही ३४ म्हटलं, ते ३८ म्हणाले, ३६ वर जमलं. वडीमागे ६४, खर्च वजा जाता २६ हातात, आणि महिन्याचा ठरलेला खर्च फक्त पोचवायचा ३००. शून्यावर यायला आता २७ नाही, १२ वड्या पुरेशा. त्यांनी एक अट घातली: तीन महिन्यांनंतर कोणत्याही दुकानात खप महिन्याला ५० च्या वर गेला तर त्या दुकानापुरतं पुन्हा २८ टक्के आणि सहा वड्या. मी वहिनीला म्हटलं, घ्या. ५० वर दुकानाला मूळ अटींत थोडं जास्त मिळतं, तुम्हाला थोडं कमी, पण ते देणं खप झाल्यावरचं आहे. शिवाय वाढीव आठ टक्के आणि सहा वड्यांचं भाडं ७५ वड्यांवर समान होतात. त्याच्या वर तर ठरावीक भाडंच तुम्हाला स्वस्त पडेल.

दुकानं बारा देत होते, आम्ही चारच घेतली. याचं कारण पैसा अडकून राहण्याचं आहे. साबणाची वडी कापल्यावर साधारण पाच आठवडे वाळते. मग डबीत, मग दुकानात. तिथे सरासरी महिनाभर उभी. विकली गेली की महिनाअखेरपर्यंत थांबायचं, मग बिल, बिलानंतर ३० दिवस. तेल विकत घेतल्यापासून त्याचे पैसे परत येईपर्यंत चार महिने सहज जातात. बारा दुकानांत सुरुवातीला ४८-४८ वड्या भरायच्या तर ५७६ वड्या, आणि पहिला पैसा यायच्या आत त्यावर दोन-तीनदा भर. एवढं तेल वहिनीला उधारीवर कुणी देणार नव्हतं.

तांत्रिक तयारीत दोन गोष्टी अडल्या. पहिली बारकोड. तिने तिन्ही प्रकारांना एकच तेरा आकडी क्रमांक घेतला होता. प्रकार वेगळा म्हणजे क्रमांक वेगळा, नाहीतर कोणता साबण संपला हे संगणकाला कधीच कळत नाही. शिवाय डबी सुंदर दिसावी म्हणून रेषा लाल शाईत छापल्या होत्या. गल्ल्यावरच्या स्कॅनरचा प्रकाश बहुतेक वेळा लाल असतो. त्याला लाल रेषा पांढऱ्या कागदासारख्याच दिसतात आणि कोड वाचलाच जात नाही. रेषा काळ्या केल्या. बारकोडचा नेहमीचा आकार साधारण ३७ बाय २६ मिलिमीटर, ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो. तो डबीच्या अरुंद कडेवर न बसवता मागच्या बाजूला घेतला.

दुसरी गोष्ट वजनाची. डबीवर ९० ग्रॅम लिहिलेलं, आणि वाळलेली वडी नेमकी ९० ची. हाताने केलेल्या साबणातलं पाणी वाळवण संपल्यावरही हळूहळू उडत राहतं. माल आत घेणाऱ्या माणसाने चार वड्या काट्यावर ठेवल्या, दोन ८८ भरल्या, आणि अख्खा खोका परत आला. तेव्हापासून ती वाळल्यावर ९६ भरेल अशी कापते.

करार आला तेव्हा मी तो एका प्रश्नाने वाचला: विक्री आणि शिल्लक यांची बेरीज पाठवलेल्या मालाएवढी नाही भरली तर काय? कागद गप्प होता. फक्त "माल विक्री होईपर्यंत पुरवठादाराच्या मालकीचा राहील" एवढं होतं. हे वाक्य वहिनीला सोयीचं वाटलं आणि एका अर्थी ते आहेही. साखळी बुडाली तर फळीवरचा माल तिचा म्हणून मागता येतो, मात्र कोणता माल, कुठे, किती, याचे कागद हवेत, आणि काही देशांत अशा मालाची आधी अधिकृत नोंद केलेली असावी लागते. विकल्या गेलेल्या वड्यांचे पैसे मात्र साखळीच्या खात्यात असतात. त्यासाठी ती इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत उभी. आणि मालकी तिची याचा दुसरा अर्थ असा, की चोरीला गेली, फुटली, उंदराने कुरतडली, तर तीही तिचीच. या जागी मी चुकलो. "पहिले तीन महिने बघू, मग बोलू" असं साहेब म्हणाले आणि मी सोडून दिलं.

पहिल्या महिन्याचं विक्रीपत्रक आलं तेव्हा वहिनीने फोन केला. "भाऊजी, दोन नंबरच्या दुकानात संत्र्याच्या ४१ विकल्या म्हणतायत. मी ३६ च पाठवल्या होत्या!" तिला वाटलं चूक आपल्या फायद्याची आहे, गप्प बसावं. मी म्हटलं, दुकानात जाऊन गल्ल्यापाशी दहा मिनिटं उभी राहा. तिसऱ्याच मिनिटाला उत्तर मिळालं. एका बाईंनी तीन साबण ठेवले, प्रत्येक प्रकाराचा एक. गल्ल्यावरच्या मुलाने वरचा उचलला, एकदा स्कॅन केला आणि तीनचं बटण दाबलं. किंमत तीच, मग त्याला काय फरक पडतो. एकूण आकडा बरोबर, वाटणी साफ चूक. संत्रं कागदावर जास्त विकलं जात होतं आणि लव्हेंडर कागदावर १३ शिल्लक होतं, तर फळीवर लव्हेंडरची जागा रिकामी. शिल्लक दिसतेय म्हणून संगणक नवीन मागणी काढत नव्हता. दोन आठवडे लव्हेंडर दुकानातच नव्हतं, आणि विक्रीपत्रक बघून कुणीही म्हणालं असतं की लव्हेंडर चालत नाही.

यावर उपाय सोपा निघाला. पंधरा दिवसांनी फळीवर आणि मागच्या खोलीत जाऊन वड्या प्रकारानुसार मोजायच्या, आकडा दुकानातल्या माणसाकडून संगणकात दुरुस्त करून घ्यायचा आणि दोघांनी सही करायची. कन्साइनमेंटमध्ये ही मोजणी म्हणजेच तुमचं वहीखातं. पत्रक फक्त गल्ल्यावरची गोष्ट सांगतं.

बिलाचीही एक खोड कळली. पहिल्या महिन्यात मोजणी आणि पत्रक यांत तीन वड्यांचा फरक होता. वहिनीने स्वतःच्या मोजणीचं बिल लावलं. साखळीच्या हिशेब खात्याने आकडा जुळत नाही म्हणून अख्खं बिल अडवलं. तीन वड्यांसाठी सगळी रक्कम पुढच्या महिन्यावर गेली, कारण ३० दिवस बिलाच्या तारखेपासून नव्हे तर त्यांच्याकडे बिल मंजूर झाल्यापासून मोजायचे होते. पुढच्या महिन्यापासून आम्ही बिल पत्रकाच्या आकड्याचंच लावतो आणि फरकाचा अर्ज वेगळा देतो. भांडण चालू राहतं, पैसे थांबत नाहीत. माल पाठवताना बिल नाही, फक्त डिलिव्हरी चलन द्यायचं, हे ओघानेच आलं. विक्री अजून झालेलीच नसते.

तीन महिने संपले. पहिल्या दुकानाचा हिशेब असा: पाठवल्या ९६, पत्रकावर विकल्या ७१, फळीवर १४, मागच्या खोलीत ३. बेरीज ८८. आठ वड्या कुठेच नाहीत. चारही दुकानं धरून पाठवल्या ३४८, विकल्या २५४, शिल्लक ७५, आणि बेपत्ता १९. साडेपाच टक्के.

वहिनीचा पहिला शब्द "चोरी" होता. काही असेलही. साबणाची डबी खिशात मावते. पण मागच्या खोलीतल्या कर्मचाऱ्याशी बोलल्यावर वेगळंच चित्र दिसलं. ग्राहक वास घ्यायला डबी उघडत. उघडलेली डबी पुन्हा नीट बंद होत नसे, वडी बाहेर डोकावे, तिच्यावर बोटांचे ठसे. सफाई करणारी माणसं तशा वड्या उचलून टाकत, आणि टाकल्याची नोंद कुणी करत नसे. पहिल्या दुकानातल्या आठपैकी निदान तीन अशा गेल्या होत्या, त्या कर्मचाऱ्याला आठवत होत्या. उरलेल्यांचा पत्ता लागला नाही.

तिसरं दुकान वेगळ्याच कारणाने पडलं. तिथे तीन महिन्यांत ३१ वड्या. करारात डोळ्यांच्या उंचीपासून कमरेपर्यंतच्या फळीवर तीन फेसिंग, म्हणजे समोरून दिसणाऱ्या तीन रांगा, असं लिहून घेतलं होतं. वहिनी गेली तर साबण सर्वांत खालच्या फळीवर, एकाच रांगेत. मधली फळी एका मोठ्या कंपनीने सणाच्या योजनेसाठी पैसे भरून घेतली होती. दुकानाच्या व्यवस्थापकाला आमच्या करारातलं फेसिंग माहीतच नव्हतं, कारण करार मुख्य कार्यालयात आणि तो दुकानात. आता ती नकाशाचं ते एक पान छापून प्रत्येक दुकानात मोजणीच्या वहीला लावते आणि दर भेटीला तारखेसह फोटो काढते. जागा बदललेली दिसली की तो फोटो साहेबांना जातो, व्यवस्थापकाला नाही. व्यवस्थापकाशी वाद घातला तर पुढची मोजणी कोण करू देणार?

पैशाचं उत्तर: २५४ वड्यांवर २६ प्रमाणे ६६०४ भाग. पोचवायचे चार दुकानांचे तीन महिन्यांचे ३६०० गेले, बेपत्ता १९ वड्यांची उत्पादन किंमत ७२२ गेली. उरले २२८२, म्हणजे जेमतेम तेवीस वड्यांची किंमत. तीन महिन्यांच्या धावपळीला हे काहीच नाही. पण मूळ अटींवर, २८ टक्के आणि सहा वड्यांच्या भाड्यावर, हीच विक्री झाली असती तर याच हिशेबाने २८८६ भागांचा तोटा झाला असता. खप तोच, दुकानं तीच, हरवलेल्या वड्याही तेवढ्याच.

दुसऱ्या कराराला बसलो तेव्हा मी बेपत्ता मालाच्या तुटीचा विषय आधी काढला. त्या ब्रिटिश संहितेत दुकानाच्या ताब्यात गेलेल्या मालाची चोरी, हरवणं किंवा हिशेबाची चूक यांची भरपाई पुरवठादाराकडून घेण्याचं कलम करारात घालायलाच मनाई आहे. आमच्यावर ती लागू नव्हती, पण मागणीला आधार झाला. साहेबांचं म्हणणं, "माल तुमचा, आम्ही पहारा का करू?" माझं म्हणणं, दार, कॅमेरा, गल्ला आणि कचऱ्याची पेटी, चारही तुमच्या हातात आहेत. शेवटी ठरलं: पाठवलेल्या मालाच्या दोन टक्क्यांपर्यंत तूट वहिनीची, त्यावरची तूट साखळीने पुरवठ्याच्या भावाने, म्हणजे ६४ ने, भरायची. मोजणी दोघांच्या सहीची हवी. ज्या दुकानात सही नाही तिथे हे कलम लागू नाही. पहिल्या दुकानाला हे लावून बघितलं: ९६ वर दोन टक्के म्हणजे दोन वड्या, उरलेल्या सहांचे ३८४ मिळाले असते. मागचं त्यांनी दिलं नाही, आम्ही ताणलंही नाही.

आग किंवा पाण्याने मागच्या खोलीतला माल गेला तर साखळीच्या विम्यातून, हीसुद्धा एक ओळ घातली. ती त्यांनी विनातक्रार मान्य केली. कुणी मागितलीच नव्हती म्हणून ती आधी नव्हती.

तिसरं दुकान सोडलं, दोन नवी घेतली. परत आलेल्या २४ वड्यांपैकी ९ डब्या मळलेल्या होत्या. नव्या डब्या घालून त्या सुट्या दुकानांत गेल्या. ५० चा आकडा अजून एकाही दुकानाने गाठलेला नाही. सर्वांत चांगलं दुकान महिन्याला २९ वर आहे.

वासाचा प्रश्न वहिनीने स्वतःच सोडवला. डबीच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढं भोक पाडलं, म्हणजे उघडायची गरज नाही, नाकाला लावा आणि ठेवा. दुसऱ्या कराराच्या आठव्या आठवड्यातल्या मोजणीत पाच दुकानांत मिळून चार वड्या बेपत्ता निघाल्या, उघडलेली डबी एकच. फक्त त्या भोकातून साबण पहिल्यापेक्षा लवकर वाळायला लागलाय. आता ती वाळल्यावर ९८ ग्रॅम भरेल अशी कापते, आणि ३८ चा आकडा मला पुन्हा काढावा लागणार आहे.